नाताळची पहिली बरणी

आमच्या चर्चमधल्या एका ताईंनी गेल्या नाताळासाठी प्रथमच घरी द्राक्षांची वाइन घातली. एकविसाव्या दिवशी फडकं सोडलं, तर व्हिनेगरचा भपकारा! वर पातळ सायही धरलेली. "बरणी तीनदा साबणाने घासली होती हो," त्या रडवेल्या झाल्या.

आम्ही पाहिलं. बरणी लख्खच होती, पण रोज ढवळायचा लाकडी कालथा भेगाळलेला. साबणाने मळ निघतो, भेगांतले जंतू तसेच राहतात. शिवाय सैल फडक्यातून चिलटं आत गेलेली. त्यांच्या अंगावरून व्हिनेगरचे जंतू येतात आणि हवा मिळाली की वाइन आंबवतात.

यंदा ताईंनी स्टीलचा डाव आणि फडकं दहा मिनिटं उकळलं, फडकं दोऱ्याने घट्ट बांधलं. कालथा चुलीत गेला.