बोलीची भिसी

आमच्या वर्ध्यात तिला भिसी म्हणतात, पुण्यामुंबईकडची भिशी तीच. आर्वी नाक्याच्या मागच्या आमच्या गल्लीत ती एक काकू चालवतात. वही मात्र मी लिहिते, कारण त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नाही. गल्लीत बहुतेकांना भिसी म्हणजे बचत वाटते. वहीत बसलेल्या माणसाला ते वेगळं दिसतं. अर्धे लोक तिच्यात पैसे ठेवत असतात आणि अर्धे तिच्यातून कर्ज घेत असतात. फक्त कर्ज असं कोणी म्हणत नाही.

मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या भिसीचाच हिशोब सांगते. माणसं वीस, हप्ता दोन हजार, महिने वीस. म्हणजे दर महिन्याला चाळीस हजार जमतात. पहिला महिना चालवणारीचा, तो बोलीविना तिला मिळतो. दुसऱ्या महिन्यापासून पाच तारखेला संध्याकाळी काकूंच्या ओसरीवर बोली लागते. ज्याला पैशाची निकड आहे तो किती रुपये सोडायला तयार आहे ते सांगतो, आणि सर्वांत जास्त सोडेल त्याला रक्कम मिळते. सोडलेले पैसे वीस जणांत सारखे वाटले जातात, म्हणजे त्या महिन्याचा हप्ता तेवढा कमी भरायचा.

जूनमध्ये पाणीपुरीची गाडी लावणाऱ्या एकानं दहा हजारांवर बोली नेली. त्याचं सेलू तालुक्यात भावासोबत सामाईक शेत, पेरणी तोंडावर आलेली. चाळीसातले दहा सोडून त्यानं तीस हजार उचलले. सगळ्यांचा हप्ता त्या महिन्यात पंधराशे झाला आणि ओसरीवर सगळे खुश. पुढच्या महिन्यांत बोली हळूहळू उतरत जाते, कारण गरजवंत आधीच उचलून मोकळे झालेले असतात. पुढच्या अठरा महिन्यांत बोली सरासरी चार हजारांवर राहील असं मी धरलं होतं. तसं झालं तर प्रत्येकाला महिन्याला दोनशेची सूट, आणि वीस महिन्यांत प्रत्येकानं भरायचे पस्तीस हजार नऊशे.

आता हीच रक्कम तिघांच्या बाजूनं बघा. सर्वांत शेवटी घेणाऱ्याला चाळीस हजार मिळतात, म्हणजे एक्केचाळीसशे नफा. गाडीवाल्यानं तीस हजार घेतले आणि तो छत्तीस हजारांच्या आसपास भरणार. वरवर सहा हजारांचं व्याज दिसतं. पण तो ते पैसे दर महिन्याला थोडे थोडे फेडतोय, आणि एक हप्ता तर उचलण्याआधीच भरलेला. नीट मांडलं की दर शेकडा सव्वादोन रुपये महिना पडतो. सोनारापेक्षा वाईट नाही, पण स्वस्तही नाही. तिसऱ्या काकू. त्यांना पहिल्याच महिन्यात पूर्ण चाळीस हजार मिळाले आणि वर तेवढीच सूटही. हा नफा फुकटचा वाटतो म्हणून लोक कुजबुजतात. माझ्या मते तो फुकटचा नाही. कोणी बुडवलं तर भरून द्यायची जबाबदारी चालवणारीवर असते, त्याचंच ते मोल आहे. प्रश्न एवढाच की वेळ आली तर ती भरू शकते का.

वेळ आली. त्या सप्टेंबरात विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला आणि गाडीवाल्याच्या शेतातून बियाण्याचे पैसेही निघाले नाहीत. नोव्हेंबरचा हप्ता आला नाही. डिसेंबरात तो म्हणाला, "काकू, माह्याजवळ सध्या काहीच नाई, दिवाळी बी उधारीतच गेली." तोवर त्यानं दहा हजारांच्या आसपास भरले होते आणि चौदा हप्ते, म्हणजे पंचवीस-सव्वीस हजार बाकी होते. यात त्याची लबाडी नव्हती. पण भिसीला लबाडी आणि अडचण यांतला फरक कळत नाही. वीसातला एक थांबला की दर महिन्याच्या रकमेत त्याच्या हप्त्याएवढं भोक पडतं. ते कोणीतरी बुजवायचं, नाहीतर ज्याची पाळी आहे त्याला कमी द्यायचं.

दोन महिने काकूंनी पदरचे घातले. जानेवारीत सगळे बसले आणि ठरलं की पुढे सूट पूर्ण वाटायची नाही, तिच्यातून आधी भोक बुजवायचं. म्हणजे गाडीवाल्याचं देणं सरळ बचत करणाऱ्यांच्या नफ्यातून जायला लागलं. एक ऑटोवाला त्याचा जामीन होता, त्याच्याकडून अर्धे वसूल झाले. तेही तीन हप्त्यांत आणि भांडून. शेवटच्या माणसाला चाळीस हजार मिळाले, पण त्याची सूट कमी झाली होती.

ही भिसी निदान बुडाली नाही. शेजारच्या वस्तीतली एक बुडाली, तिची वही मी नंतर पाहिली. तिच्यात तेराव्या महिन्यात बोली अकरा हजारांवर गेली होती. न उचललेले सात-आठच उरलेले असतात तेव्हा बोली उतरायला हवी. तिथं ती चढली, कारण चालवणाऱ्यानं दोन नंबर नातेवाइकांच्या नावावर स्वतःच घेतले होते आणि त्याला जुन्या देण्यासाठी पैसा हवा होता. त्याच महिन्यात त्यानं दुसरी, मोठी भिसी सुरू केली. म्हणून पहिली संपायच्या आत चालवणारा नवी काढतो आणि रक्कम पाच तारखेऐवजी "दोन दिवसांनी" द्यायला लागतो, तेव्हा माझा हात वहीवरून उठतो.

तक्रार कुठे करायची, हा पुढचा त्रास. चिट फंड कायदा १९८२ नुसार बोलीची चिठ्ठी सुरू करण्याआधी मंजुरी आणि नोंदणी लागते. चालवणाऱ्याला निबंधकाकडे तारण ठेवावं लागतं आणि आधी उचलणाऱ्याकडून तारण घ्यावं लागतं. गंमत अशी की जिच्यात पाळीपाळीनं सर्वांना पूर्ण रक्कम मिळते, कोणी काही सोडत नाही, ती साधी भिसी या कायद्याच्या व्याख्येत बसतच नाही. बोली आली की बसते. म्हणजे गल्लीतली बहुतेक बोलीची भिसी मुळात नियमबाह्य. पैसे बुडालेला माणूस पोलिसांत जायला कचरतो त्याचं हे एक कारण. नोंदणीकृत चिठ्ठीत वाद निबंधकाकडे जातो, आमच्याकडे तो ओसरीवरच राहतो.

बचत गटाचं वेगळं. माझी जाऊ देवळी तालुक्यातल्या एका गटात आहे. दहा-बारा बाया, महिन्याला शंभराची बचत, अंतर्गत कर्ज शेकडा दोननं. दर जवळपास भिसीएवढाच, पण व्याज गटाच्याच खात्यात परत येतं, आणि कर्ज कोणाला द्यायचं ते बैठकीत ठरतं. बँकेतून पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात. तरी तिथंही घोळ होतो. सचिव बाई पासबुक घरी ठेवते, कोऱ्या स्लिपवर सह्या घेऊन टाकते, आणि एखादीच्या नावावर दुसरीच कर्ज उचलते. जाऊ म्हणते, "पासबुकाची एंट्री बैठकीत मोठ्यानं वाचली तर हे होतच नाई." पेरणीला मात्र गटाचा पैसा पुरत नाही. शंभराच्या बचतीतून एकदम तीस हजार निघत नाहीत, म्हणून तिथली माणसंही जूनमध्ये भिसीकडे वळतात.

नव्या भिसीला आम्ही दोन गोष्टी बदलल्या. पहिल्या पाच महिन्यांत उचलणाऱ्याला दोन जामीन, आणि ते दोघे अजून न उचललेल्यांतले हवेत. म्हणजे तो थांबला तर त्यांच्या येणाऱ्या रकमेतून कापता येतं. तिसरी गोष्ट मी सुचवली होती, की काकूंनी पहिली पाळी न घेता शेवटची घ्यावी. त्या म्हणाल्या, "मग जोखीम मी काहून घेऊ?" पहिली पाळी त्यांचीच राहिली आणि वीसांपैकी तिघांनी नाव मागे घेतलं. त्यांच्या जागी माणसं शोधणं अजून चालू आहे.