रामगडाच्या शोधात रामनगर

श्रवणबेळगोळच्या यात्रेला निघणारी अनेक कुटुंबे बेंगळुरूला उतरून तेथून मोटार ठरवितात. अशा वेळी घरातील एखादा तरुण हमखास सुचवितो की, ‘शोले’चे रामगड वाटेतच आहे, तेही पाहून घेऊ. सूचना चांगली आहे. मात्र ‘वाटेतच’ हा शब्द बरोबर नाही. श्रवणबेळगोळची सरळ वाट नेलमंगल, कुणिगलवरून हासनच्या दिशेने जाते. ज्या रामनगरला चित्रीकरण झाले ते मैसूरच्या रस्त्यावर, बेंगळुरूपासून सुमारे 50 किलोमीटरवर आहे. तेथून मद्दूर आणि नागमंगलमार्गे श्रवणबेळगोळ आणखी शंभरएक किलोमीटर पडते. एकूण अंतर फारसे वाढत नाही, पण वेळ वाढतो. आणखी एक गोष्ट चालकाला आधीच सांगून ठेवावी: नवा द्रुतगती मार्ग रामनगर शहराला वळसा घालून जातो. जुन्या रस्त्याचा फाटा चुकला, तर डोंगर खिडकीतूनच मागे पडतात.

पोहोचल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, गाव कोठे आहे? गाव नाही. ठाकूरची हवेली, मशीद, बाजार हे सारे कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी उभे केलेले नेपथ्य होते. ऑक्टोबर 1973 मध्ये चित्रीकरण सुरू झाले, 15 ऑगस्ट 1975 रोजी चित्रपट प्रदर्शित झाला आणि नेपथ्य केव्हाच उतरविले गेले. ज्या टाकीवर वीरू चढला ती शोधणारे पाहुणे आजही येतात व निराश होतात. आगगाडीवरील दरोडा तर येथे घडलाच नव्हता. तो मुंबई-पुणे लोहमार्गावर पनवेलजवळ चित्रित झाला. तुरुंग मुंबईत राजकमल स्टुडिओजवळ उघड्यावर उभारला होता. पडद्यावर गाडीतून उतरलेला माणूस थोड्याच वेळात रामगडात शिरतो. प्रत्यक्षात मधले अंतर जवळजवळ हजार किलोमीटरांचे आहे. म्हणून सहल आखताना आवडत्या प्रसंगांची यादी करून प्रत्येकापुढे एवढेच लिहावे की, हे निसर्गातले, बांधलेले की दुसरीकडचे? ‘शोले’च्या बाबतीत पहिल्या रकान्यात मुख्यतः एकच गोष्ट उरते, ती म्हणजे खडक.

पण तो खडक पाहण्यासारखा आहे. ब्रिटिश अमदानीत, मैसूर दरबारातील रेसिडेंट बॅरी क्लोज यांच्या नावावरून, या गावाला क्लोजपेट म्हणत. येथील ग्रॅनाइट भूगर्भशास्त्रात आजही ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ याच नावाने ओळखला जातो. त्याचे वय सुमारे 250 कोटी वर्षे मानतात. गब्बरचा अड्डा म्हणून दाखविला जाणारा भाग रामदेवर बेट्टाच्या परिसरात आहे. पडद्यावर ते निर्जन, रखरखीत रान वाटते, कारण कॅमेऱ्याने जवळचे शहर व हमरस्ता चौकटीबाहेर ठेवला. पावसाळ्यानंतर गेल्यास खडकांच्या पायथ्याशी हिरवळ असते. वर रामाचे मंदिर आहे आणि तेथवर पायऱ्या आहेत.

चित्रपटात नसलेली आणि आज सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे येथील गिधाडे. लांब चोचीची गिधाडे या कड्यांवर घरटी करतात, म्हणून 2012 मध्ये सुमारे साडेतीनशे हेक्टरांचे गिधाड अभयारण्य जाहीर झाले. त्यामुळे मन मानेल तेथे चढता येत नाही, आणि संवाद म्हणून आरडाओरडा करणे तर टाळलेच पाहिजे. देशभरात या पक्ष्यांचा संहार झाला तो मुख्यतः गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या शरीरात जाते. पशुचिकित्सेतील त्याच्या वापरावर 2006 पासून बंदी आहे. पांजरपोळ चालविणाऱ्या समाजाने हे लक्षात ठेवावे.

खाली गावात दरोडेखोरांची नव्हे, रेशीमकोशांची पेठ भरते. रेशीमकोशांच्या आशियातील सर्वांत मोठ्या बाजारांत तिची गणना होते. पहाटे शेतकरी कोश आणतात, लिलाव होतो आणि माल कारखान्यांकडे जातो. धागा अखंड मिळावा म्हणून आतील जीवासह कोश गरम पाण्यात टाकतात. रेशीम वर्ज्य मानणाऱ्या घरातील मुलांना त्यामागचे कारण येथे आपोआप उमगते. काही कुटुंबे मात्र हे दृश्य टाळणेच पसंत करतील.

चौविहार पाळणाऱ्यांनी वेळेचे गणित उलटे मांडावे. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, म्हणजे श्रवणबेळगोळच्या भोजनालयात पाचपर्यंत पोहोचलेच पाहिजे. रस्त्याला तीन तास आणि वाटेतील थांब्यांना एक तास धरला, तर रामनगर एकपर्यंत सोडावे लागते. सकाळी सातला बेंगळुरू सोडल्यास डोंगरावर तीन तास निवांत मिळतात. विंध्यगिरीची चढण त्याच दिवशी करू नये. सहाशेंहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या असतात व दिवसभर तापलेला दगड पाय भाजतो. धर्मशाळेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे निघाल्यास, दगड थंड असतानाच बाहुबलींच्या चरणांपाशी पोहोचता येते.