डिसेंबरचं बिल, जानेवारीचा हात

बीबीतल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब मी पाहते. सभासद लोणार तालुक्यातल्या आसपासच्या गावांचे, माल मुख्यतः सोयाबीन आणि तूर. गावातल्या एकट्या मालकीच्या दुकानाला जो नियम लागत नाही, तो आम्हाला लागतो, कारण आमची नोंदणी कंपनी कायद्याखाली आहे. 1 एप्रिल 2023 पासून कंपनीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारं हवं आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात त्याबद्दल स्वतंत्रपणे लिहावं लागतं.

या नोंदीचा उपयोग मला पहिल्याच वर्षी कळला. डिसेंबर 2023 मध्ये आम्ही एका खरेदीदाराला 100 क्विंटल सोयाबीन 4,700 रुपयांनी दिलं. बिल 4,70,000 रुपयांचं, त्यावर 5 टक्के जीएसटी 23,500. जानेवारीत 11 तारखेच्या आत जीएसटीआर-1 भरलं. फेब्रुवारीत ताळा घेताना डिसेंबरची विक्री आमच्या वहीत 8,000 रुपयांनी कमी दिसली. भरलेलं विवरण तर बदलत नाही. म्हणजे वहीत कुणाचा तरी हात लागला होता.

मी बिलांची बदल-नोंद उघडली. त्या बिलाखाली दोन ओळी होत्या. पहिली, बिल तयार झाल्याची, डिसेंबरची. दुसरी 24 जानेवारीची: दर 4,700 चा 4,620. बिलावरची तारीख मात्र डिसेंबरचीच. नुसतं बिल छापून पाहिलं असतं, तर काहीच समजलं नसतं.

बदल करणाऱ्या मुलाच्या मनात खोट नव्हती. खरेदीदाराने ओलावा जास्त निघाला म्हणून क्विंटलमागे 80 रुपये कापले, संचालकांनी ते मान्य केलं, आणि मुलाने जुनं बिल उघडून दर खाली आणला. रक्कम बरोबर होती, जागा चुकली होती. खरेदीदाराकडे अजून 23,500 कराचं बिल होतं, सरकारकडे तेवढाच आकडा होता आणि आमच्याकडे 23,100. उद्या विचारणा झाली असती तर आमचीच वही आमच्या विवरणाला खोटं पाडत होती.

आम्ही दर पुन्हा 4,700 केला. त्याचीही तिसरी ओळ पडली आणि ती तशीच राहिली. मग 8,000 आणि त्यावरचा 400 कर अशी 8,400 रुपयांची क्रेडिट नोट काढली, ज्या दिवशी काढली त्याच दिवसाच्या तारखेची, मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख टाकून. ती त्या महिन्याच्या विवरणात गेली आणि खरेदीदारानेही आपल्याकडचं 400 रुपयांचं क्रेडिट उलटवलं. अशा क्रेडिट नोटेला पुढच्या आर्थिक वर्षातल्या 30 नोव्हेंबरपर्यंत मुदत असते, त्यामुळे जुन्या बिलाला हात लावायची घाई कधीच नसते.

पण बदल-नोंद फक्त सांगते, थांबवत नाही. थांबवण्यासाठी कालावधी लॉक करावा लागतो. तेव्हापासून जीएसटीआर-1 भरलं की त्याच दिवशी मी मागच्या महिनाअखेरपर्यंतची तारीख लॉक करते. त्यानंतर त्या तारखेपर्यंतचं बिल बदलता येत नाही, पुसता येत नाही आणि मागच्या तारखेचं नवं बिलही टाकता येत नाही.

पहिल्याच मार्चमध्ये अध्यक्ष म्हणाले, “ताई, पाचच मिनिटं खोलून द्या न. आपल्याले काय चोरी करायची हाय का?”

“भाऊ, चोरीचं नाही म्हणत मी. कशासाठी खोलायचं, ते कागदावर लिहून सही करा, मी खोलते.”

फेब्रुवारीत आलेलं वाहतुकीचं एक बिल चढवायचं राहिलं होतं. लिहायला बसल्यावर त्यांच्याच लक्षात आलं, की वर्ष संपलेलं नाही, ते मार्चच्या तारखेनेही चढवता येतं. लॉक उघडावं लागलं नाही. पुढे दोन-तीनदा उघडलं, त्या प्रत्येक वेळचा कागद फाइलमध्ये आहे.

लॉकची किल्ली बिलं करणाऱ्याकडे नसावी, यावर मी अडून बसले. दुसरं त्याहून अवघड गेलं: प्रत्येकाचं वेगळं नाव आणि पासवर्ड. आमच्याकडे सगळे एकाच नावाने आत जात. 24 जानेवारीच्या ओळीपुढेही तेच सामाईक नाव होतं. बदल कुणी केला, हे मला नोंदीवरून नव्हे, त्या मुलाने स्वतःहून सांगितलं म्हणून कळलं. शिवाय आमच्यासारख्या कार्यालयातल्या संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ त्या संगणकाच्या घड्याळातून येते; घड्याळ मागे नेलं तर नोंदही मागची पडू शकते. म्हणून तारीख-वेळ बदलण्याचा अधिकार आम्ही बिलांच्या संगणकावरून काढून घेतला. जुना बॅकअप परत चढवला तर मधल्या काळातल्या ओळीच नाहीशा होतात, त्यामुळे महिनाअखेरचा बॅकअप आता पेन ड्राइव्हवर लेखापरीक्षकांकडे जातो.