शहाण्णवावा दिवस

17 सप्टेंबर 2019. विश्वकर्मा पूजेचा दिवस. भिलाईत या दिवशी वर्कशॉपपासून सायकल दुरुस्तीच्या टपरीपर्यंत सगळीकडे हत्यारांना हळदकुंकू लागतं. आमच्या कोहक्याच्या साइटवर पूजा आणि काम पूर्ण झाल्याचा समारंभ असे दोन्ही बेत एकाच दिवशी उरकायचे होते. चार मजल्यांच्या दोन इमारती, बावीस महिने. आभाराचं भाषण माझ्याकडे होतं, कारण साइट इंजिनिअर असूनही सेफ्टीचं रजिस्टर माझ्याच गळ्यात होतं. स्वतंत्र सेफ्टी ऑफिसर ठेवण्याइतकं मोठं काम आहे, असं कोणालाच वाटलं नव्हतं. मलाही नाही.

भाषण मी आदल्या रात्री लिहिलं. हिंदीत, आणि ऐटीत. त्यातलं मुख्य वाक्य होतं: “छह लाख मानव-घंटे, शून्य दुर्घटना.” टाळ्या तिथेच पडल्या. पाहुण्यांनी मान डोलावली, मालकांनी पाठ थोपटली. त्या एका वाक्यातले दोन्ही आकडे खोटे होते.

सोपा खोटेपणा आधी सांगतो. काम ऐन भरात असताना आमच्याकडे एकशेवीस माणसं होती. मी रात्री घाईत तोच आकडा धरला, नऊ तासांनी गुणला, महिन्याच्या सव्वीस दिवसांनी गुणला, मग बावीस महिन्यांनी: 6,17,760. पण छत्तीसगडमधली साइट बावीस महिने भरलेली राहत नाही. आषाढात रोपा लावायला अर्धी माणसं गावी जातात, दिवाळीच्या पुढेमागे धान कापायला जातात, छेरछेराला जातात आणि चार दिवस जास्तच राहतात. हजेरीपट नंतर बेरजेला घेतला तेव्हा खरे तास जेमतेम 3 लाख 90 हजार निघाले. हजेरीपट टेबलाच्या खणातच होता. तो काढायचा मला कंटाळा आला, एवढंच.

शून्याचं मात्र तसं नव्हतं. ते शून्य मी जाणूनबुजून सांभाळलं होतं.

मार्च 2018 मध्ये मी गेटवर एक पत्र्याचा फळा लावला: ‘अपघाताविना दिवस’. रोज सकाळी मुंशी खडूने आकडा वाढवायचा. वडील पोलाद कारखान्यात होते, त्यामुळे असे फळे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. त्यात मी स्वतःची भर घातली. शंभर दिवस पूर्ण झाले की सगळ्यांना जेवण आणि प्रत्येकाला एक दिवसाची जादा रोजी. मालकांकडून ते मंजूर करून घेतलं याचा मला केवढा अभिमान! अपघात टाळल्याचं बक्षीस देतोय, असं मी समजत होतो. प्रत्यक्षात बक्षीस अपघात न सांगितल्याचं होतं. फळ्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

शहाण्णवाव्या दिवशी, जूनच्या मध्याला, एका इमारतीच्या पहिल्या स्लॅबचं सेंट्रिंग खोलायचं होतं. चौदा दिवस भरले होते, त्या बाबतीत घाई नव्हती. चूक खाली होती. प्लेटा काढताना खालची जागा दोरी बांधून बंद करायची असते आणि एक माणूस तिथे नुसता उभा ठेवायचा असतो, कोणाला येऊ न देण्यासाठी. त्या दिवशी तो माणूस मी दुसऱ्या इमारतीत विटा मोजायला पाठवला. दोरी होती, पण जवळच्या वाटेने जायला कोणीतरी ती खाली दाबून ठेवलेली. डोक्यावर घमेलं घेतलेली एक रेजा तिथून निघाली आणि वरून सुटलेली लोखंडी प्लेट तिच्या पायावर आली. पायात रबरी चप्पल. अंगठ्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात नेलं, प्लॅस्टर झालं, खर्च ठेकेदाराने दिला. इथपर्यंत सगळं रीतसर. संध्याकाळी मिस्त्री ऑफिसात आला. वयाने माझ्या काकांएवढा माणूस. म्हणाला, “साहब, सौ दिन होवन दे.” चार दिवस राहिलेत, एकशेवीस माणसांच्या एकेका रोजीचा प्रश्न आहे, आणि बाई स्वतःच म्हणते की नाव लावू नका. ती खरंच तसं म्हणाली होती. आपल्या पायामुळे सगळ्यांची रोजी बुडाली, हे तिला वस्तीत ऐकून घ्यायचं नव्हतं.

मग वाट मी काढली, मिस्त्रीने नव्हे. जखमी माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हजर असेल, तर कामाचा वेळ बुडाला असं कागदावर म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन आला. मी तिला सिमेंटच्या गोदामात पोत्यावर बसवलं आणि हजेरीत लिहिलं: ‘पोती मोजणे’. असे अकरा दिवस. जखमी माणसाला हलकं काम देण्यात गैर काही नाही, डॉक्टरने तसं लिहून दिलं असेल आणि काम खरोखरचं असेल तर. आमच्या डॉक्टरने तीन आठवडे पाय टेकू नका म्हणून सांगितलं होतं, आणि पोती मुंशी मोजत होता.

शंभरावा दिवस झाला. भात, डाळ, टमाटरची चटणी, बुंदी. मीही जेवलो.

त्या वेळी मी मनाला समजावलं होतं की बाईचा यात फायदाच आहे. हिशेबाने ते खरंही होतं. तेव्हाच्या नुकसानभरपाईच्या कायद्याने तात्पुरत्या अपंगत्वासाठी पगाराचा निम्मा हिस्सा मिळायचा, आम्ही तर पूर्ण रोजी दिली. फक्त मी विसरलो की अंगठा अकरा दिवसांनी संपत नाही. हाड वाकडं जुळलं, पुढे वर्षभराने तिला उकिडवं बसता येईना, तर तिच्या हातात काय? रजिस्टरमध्ये त्या तारखेला काहीच घडलेलं नव्हतं.

त्यानंतर रजिस्टरात काहीच येईनासं झालं. छोटं खरचटणंही नाही, आणि ‘थोडक्यात वाचलो’ अशी एकही नोंद नाही. मला ते चांगलं लक्षण वाटायचं. ठोकणं, कापणं, उंचावर चढणं हे रोज चालतं अशा ठिकाणी चौदा-पंधरा महिने रकाना कोरा राहिला, तर लोकांनी सांगणं सोडलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुरावा माझ्याच फाइलीत होता. औषधाच्या दुकानाची बिलं. भाषणानंतर ती घेऊन बसलो तर बँडेज, मलम आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनांचा खर्च दर महिन्याला होता, आणि प्रथमोपचाराच्या वहीत सगळ्या मिळून तीन नोंदी. बिलांच्या तारखा हजेरीपटाशी ताडून पाहिल्या आणि मिस्त्रीला विचारलं. आणखी दोन प्रकरणं निघाली. एकाच्या पायात फळीचा खिळा घुसलेला, चार दिवस घरी. दुसऱ्याचा हात कटरने कापलेला. दोघांपुढे हजेरीत ‘गावी गेला’ असं लिहिलेलं.

म्हणजे वेळ बुडवणाऱ्या इजा तीन. भारतीय मानकाच्या पद्धतीने त्या दहा लाखांनी गुणायच्या आणि कामाच्या तासांनी भागायच्या. तीस लाख भागिले 3 लाख 90 हजार, म्हणजे 7.69. हाच आमचा खरा आकडा. माझ्या 6,17,760 तासांनी भागलं असतं तर तो पाचाच्या खाली आला असता. तास फुगवले की अपघात आपोआप कमी दिसतात, हे मला ती बेरीज करताना प्रथम कळलं. इतकी वर्षं या धंद्यात काढून!

भाषणात जे म्हणायचं राहिलं ते मात्र यापेक्षा जास्त टोचतं.

ऑगस्ट 2018. मागच्या पोर्चचा स्लॅब टाकायचा होता. पाण्याच्या टाकीच्या बाजूला भराव केला होता आणि पोर्चच्या बल्ल्या त्या भरावावर उभ्या. रात्रभर पाऊस पडला. सकाळी काँक्रीटच्या गाड्या निघाल्या आणि तोच मिस्त्री म्हणाला, स्लॅब टाकायचा नाही. तीन बल्ल्यांच्या खालच्या फळ्या मातीत बोटभर रुतल्या होत्या, आणि वरची पाचर हाताने हलत होती. ओल्या काँक्रीटचं वजन आल्यावर त्या आणखी बसल्या असत्या, मग भार शेजारच्या बल्ल्यांवर, आणि मग सगळंच खाली. मी त्याला म्हणालो, बल्ल्या घट्ट करून घ्या, गाड्या रस्त्यात आहेत. तो नाही म्हणाला. आपली माणसं त्याने खाली उतरवली आणि शिडी काढून घेतली. दोन गाड्या परत गेल्या, पैसे बुडाले. मी त्याला सगळ्यांसमोर बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

पाणी काढून, भराव ठोकून, खाली रुंद फळ्या देऊन तो स्लॅब चौथ्या दिवशी पडला. बावीस महिन्यांतली सेफ्टीची एखादी कामगिरी सांगायची, तर ती ही. पण कुठल्याही तक्त्यात न पडलेला स्लॅब मोजायला रकाना नसतो. भाषणात मी मालक, आर्किटेक्ट, बँक, नगर निगम अशा क्रमाने आभार मानले आणि शेवटी “सभी श्रमिक भाई” असं एका दमात उरकलं. मिस्त्रीचं नाव नाही. भाई म्हटलं, तर समोर पहिल्या दोन रांगा रेजांच्या होत्या. पायाची खोदाई करणारी टोळी तर वर्षभरापूर्वीच निघून गेलेली, तिची आठवणही झाली नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या बाईला विचारलं, पाय कसा आहे? ती हसून म्हणाली, “बने हे साहब, फेर बइठे नइ सकंव.” मागे उभ्या असलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. माझं शून्य त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ती बिलं आणि हजेरीपट मी त्याच आठवड्यात काढले. रजिस्टरात तिन्ही नोंदी केल्या, नोंद केली त्या दिवसाची तारीख घालून, उशीर का झाला ते लिहून. मालकांना सांगितलं. ते खूश झाले नाहीत. पुढच्या साइटवर फळा लावला नाही. जेवण दिलं ते धोका आधी दाखवणाऱ्याला, आणि पहिल्या महिन्यात कोणीच काही दाखवलं नाही. दुसऱ्या महिन्यात लिफ्टच्या खड्ड्यावरची सैल फळी एका पोराने दाखवली, तीही इकडेतिकडे बघत.

बाईच्या घरी मी ऑक्टोबरमध्ये गेलो. तिला बांधकाम कामगार मंडळात नाव लावण्यासाठी नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा होता. समारंभात वाटलेली स्टीलची ताटं तिच्या फळीवर उभी होती, पण हा दाखला तिने दोनदा मागूनही मी दिला नव्हता. सही केली. मग तिने विचारलं, पायाचं यात लिहाल का? त्या नमुन्यात तशी जागा नव्हती. वेगळ्या कागदावर लिहिलं: जून 2018, सेंट्रिंग खोलताना, उजव्या पायाचा अंगठा, अकरा दिवस. दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स जोडली. दावा करायला तेव्हा अपघातापासून दोन वर्षांची मुदत होती, म्हणजे अजून आठ महिने होते, हे तिच्या नवऱ्याला दोनदा समजावून सांगितलं.

त्याने दोन्ही कागद आधारकार्डाच्या पिशवीत घातले, आणि विचारलं, “साहब, इसमें बोरी गिनना तो नहीं लिखा ना?”