अजून उदाहरणं दे ना, मामा

माझी भाची आठवीत आहे. भिवंडीत आमची दोन्ही घरं एकाच गल्लीत, त्यामुळे माझा लॅपटॉप बंद झाल्याचा आवाज बहुधा तिला तिच्या घरात ऐकू जातो. पाचव्या मिनिटाला वही घेऊन दारात हजर. गेल्या पावसाळ्यात तिचं 'चलन' हे प्रकरण चालू होतं. त्यातलं व्यस्त चलन मी तिला एकदा समजावलं, एक गणित सोडवून दाखवलं आणि ती म्हणाली, "मामा, अजून उदाहरणं दे ना."

मी दिली. एकदम दहा. आठ मजूर एक भिंत १२ दिवसांत बांधतात, तर सहा मजूर किती दिवसांत बांधतील? मग भिंतीचा रस्ता केला, रस्त्याची विहीर केली, आकडे बदलले. तिने दहाच्या दहा बरोबर सोडवली. मला वाटलं, झालं आपलं काम.

दुसऱ्या दिवशी सहज विचारलं: आठ मजुरांची एका दिवसाची मजुरी ४,८०० रुपये होते, तर सहा मजुरांची किती? तिने ४,८०० ला आठने गुणलं, सहाने भागलं आणि ६,४०० लिहून वही माझ्याकडे सरकवली. आठ माणसांपेक्षा सहा माणसांना जास्त पैसे मिळतायत हे तिला खटकलंच नाही. (बरोबर उत्तर ३,६००.)

तिचा दोष नव्हता. माझी दहाही उदाहरणं व्यस्त चलनाची होती. त्यातून ती एवढंच शिकली होती की पहिले दोन आकडे गुणायचे आणि तिसऱ्याने भागायचं. आपण गुणतोय का, हे ठरवायची वेळ त्या दहांपैकी एकाही उदाहरणाने तिच्यावर आणली नव्हती.

हे सगळं मला एवढं लागलं, कारण डिसेंबरमध्ये तिची एनएमएमएसची परीक्षा होती. आर्थिकदृष्ट्या कमकुवत घरांतल्या, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी ही परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दाजी यंत्रमागावर काम करतात. त्यांच्या घरात चार वर्षांचे ४८,००० म्हणजे पुढच्या क्लासची फी, आणि ताईच्या मनात 'पोरीला पुढे शिकवायचं का' या प्रश्नाचं अर्धं उत्तर.

मग मी दुसरी चूक केली. हिला सोपी उदाहरणं पाठ झालीत, म्हणजे आता कठीण द्यायला हवीत, असं ठरवलं. मजूर, दिवस, त्यात रोजचे तास, वर साडेसात आणि सव्वादोनसारखे आकडे. तिचं उत्तर चुकलं. पण काय चुकलं ते मला सांगता येईना. चलन ओळखताना चुकली, की अपूर्णांकाच्या भागाकारात? आम्ही सॉफ्टवेअरवाले एका वेळी एकच बदल करावा असं एकमेकांना सांगत असतो, म्हणजे काही बिघडलं तर कशामुळे ते कळतं. इथे मी एका दमात तीन बदल केले होते. तिने वही मिटली. "मला गणित येतच नाही," ती म्हणाली. ताई स्वयंपाकघरातून बघत होती. ती काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी विषय बदलला. मजूर नकोत, टाकीचे नळ घे, गाडीचा वेग घे. तिने पुन्हा सगळी बरोबर सोडवली आणि या वेळी मी फसलो नाही. कपडे बदलले होते, आतलं नातं तेच होतं. 'गुण आणि भाग' तिथेही चालून गेलं.

रविवारी जेवताना दाजी शेठबद्दल कुरकुर करत होते. कापडात इंचाला ४८ पिक होते ते शेठने ६० केले. "पिक वाढले, माल कमी उतरणार. पण भाव तोच!"

पिक म्हणजे काय ते सांगतो. मागावर धोटा एका बाजूकडून दुसरीकडे गेला की कापडात एक आडवा धागा बसतो. तो एक पिक. इंचात जितके जास्त पिक, तितकं कापड घट्ट. पण माग मिनिटाला तेवढेच धागे टाकणार, म्हणून कापड हळू पुढे सरकणार.

मी भाचीकडे पाहिलं. ती हसून म्हणाली, "कमीच उतरणार ना!" जी मुलगी सहा मजुरांना आठ जणांपेक्षा जास्त पैसे देऊन मोकळी झाली होती, तिला हे न लिहिता कळत होतं.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिना कॅराहर आणि सहकाऱ्यांनी असंच काहीसं पाहिलं होतं. त्यांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. रस्त्यावर फळं-खोबरं विकणाऱ्या पाच मुलांना त्यांनी आधी गिऱ्हाईक म्हणून हिशेब विचारले. ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. मग त्याच तऱ्हेचे हिशेब कागदावर, शाब्दिक उदाहरण म्हणून दिले. बरोबर उत्तरं ७४ टक्क्यांवर आली. नुसती आकडेमोड दिली तेव्हा ३७ टक्क्यांवर. मुलं तीच होती, मांडणी बदलली होती. म्हणजे मांडणी ही वरवरची गोष्ट नाही. पण माझ्या भाचीला परीक्षा कागदावरच द्यायची होती, त्यामुळे मागापासून कागदापर्यंत एकेक पायरी बांधावी लागणार होती.

त्या रात्री मी वहीत एकच माग घेतला. मिनिटाला १२० पिक, १२ तासांची पाळी, मध्ये कुठेही न थांबता. (खरा माग थांबतो. धागा तुटतो, कांडी संपते, वीज जाते. पण हिशेबापुरता नाही थांबवला.) इंचाला ४८ पिक असतील, तर मिनिटाला अडीच इंच, तासाला १५० इंच, पाळीत १,८०० इंच कापड उतरतं. ३६ इंचांचा एक गज, म्हणजे ५० गज. आता तिला दोन प्रश्न शेजारीशेजारी दिले:

इंचाला ४८ पिक असताना पाळीत ५० गज उतरतात. ६० पिक केले तर किती?

एका मागावर पाळीत ५० गज उतरतात. सहा मागांवर किती?

विषय तोच, ५० गज तेच, आकडे सोपे. बदललं फक्त नातं. आणि एक अट: उत्तर काढायच्या आधी लिहायचं, 'वाढणार की कमी होणार'. तिने पहिल्यासमोर 'कमी' लिहिलं, दुसऱ्यासमोर 'जास्त'. मग ४८ गुणिले ५० म्हणजे २,४००, भागिले ६०, म्हणजे ४० गज. दुसऱ्यात ३०० गज. मी विचारलं, पहिल्यात गुणून भागलंस आणि दुसऱ्यात नुसतं गुणलंस, का? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पहिल्यात २,४०० बदलत नाही. माग तेवढेच धागे टाकतोय, मी फक्त ते दाट बसवतेय." पुस्तकात त्याला चलनाचा स्थिरांक म्हणतात. तिला तो सापडला होता.

तिथून क्रम आपोआप ठरत गेला. आधी माग तोच ठेवून सम आणि व्यस्त उदाहरणं मिसळली. हे जमल्यावर विषय बदलला: मजूर, नळ, वसतिगृहातलं धान्य, पण मिसळलेलंच. तेव्हा तिची उत्तरं पुन्हा चुकायला लागली आणि ती वैतागली. मी घाबरलो नाही, कारण हे अपेक्षित होतं. अमेरिकेत रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये कॉलेजच्या मुलांना घनफळाची चार प्रकारची गणितं दिली. काहींना एकेका प्रकारची सलग, काहींना मिसळून. सरावात सलगवाले पुढे होते, ८९ टक्के विरुद्ध ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर घसरले आणि मिसळवाले ६३ वर राहिले. सरावात फटाफट येणारं उत्तर फसवं असू शकतं, हे मी माझ्या दहा उदाहरणांवरून शिकलोच होतो.

मांडणी सगळ्यात शेवटी बदलली. एनएमएमएसचे दोन पेपर असतात, प्रत्येकी ९० प्रश्न, चार पर्याय. पर्याय दिसले की मुलं ओळखीचा आकडा पकडतात. म्हणून मी तिला उलटं काम दिलं. प्रश्न माझा, पर्याय तू कर, आणि प्रत्येक चुकीचा पर्याय कुठल्या चुकीतून येतो ते शेजारी लिही. मागाच्या प्रश्नात तिने ४० सोबत ६२.५ ठेवलं आणि लिहिलं, 'सम समजला तर'. सहा मजुरांच्या मजुरीत ६,४०० ठेवलं आणि लिहिलं, 'मी'.

अवघड आकडे आणि तीन राशींची गणितं त्यानंतर आली. आता उत्तर चुकलं तर भागाकारच चुकलाय, हे आम्हा दोघांनाही लगेच कळायचं.

आता ती 'अजून उदाहरणं दे' म्हणाली की मी आधी विचारतो, "आत्ताचं कसं ठरवलंस ते सांग." पायऱ्यांत अडखळली, तर तसंच आणखी एक, फक्त आकडे बदलून. पायऱ्या सुरळीत पण 'का' सांगता येत नसेल, तर विषय तोच ठेवून नातं बदलतो. तोंडी येतं पण वहीत नाही, तर मांडणी. काठिण्य वाढवायचा मोह मला अजूनही सगळ्यात आधी होतो, कारण कठीण उदाहरण काढताना मामा हुशार वाटतो.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी तिला सांगितलं, आज उदाहरण तू काढ, मी सोडवतो. तिने वही वळवून दिली:

एका मागावर एक माणूस उभा असताना पाळीत ५० गज कापड उतरतं. त्याच मागावर दोन माणसं उभी केली तर किती? १०० / २५ / ५० / ७५.

माझी पेन्सिल क्षणभर १०० कडे गेली, खोटं कशाला बोलू. दाजी मागून वाकून वाचत होते. "पन्नासच," ते म्हणाले, "माणूस वाढवून माग थोडाच पळणार आहे! आणि दुसऱ्याचा पगार कोण देणार, तुझा मामा?"

तिने ५० भोवती गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'समही नाही, व्यस्तही नाही'. हा प्रकार मी तिला शिकवलाच नव्हता.