ग्रेसचे तीन दिवस

मुदतीच्या प्रॉमिसरी नोटेला मुदतीनंतर तीन दिवस ग्रेसचे मिळतात. १८८१ सालच्या कायद्यातली ही तरतूद मी बी.कॉम.ला पाठ केली होती. तिचा संसारात उपयोग होईल असे मात्र वाटले नव्हते.

झाले असे, की आमच्या भाच्याला सोमवारी एका कंपनीचे नेमणुकीचे पत्र आले. शुक्रवारी पाचपर्यंत होकार कळवायचा. त्याचा जीव मात्र दुसऱ्या कंपनीत अडकलेला. तिथली शेवटची मुलाखत झाली होती आणि निकाल पुढच्या बुधवारी.

"आत्ता हो म्हण, तिकडचं आलं की सोड," ताई म्हणाली.

"आई, मग ते दुसरा माणूस बघायचं थांबवतात गं."

"मग आजी आजारी आहे म्हणून कळव," मी सुचवले. पलंगावरून आमच्या मातोश्री कडाडल्या, "तुझ्या प्रत्येक रजेसाठी मी आजारी पडलेय. आता पुरे!"

शेवटी मी बँकेच्या भाषेत मसुदा केला, "उपरोक्त विषयास अनुसरून काही दिवसांची मुदतवाढ मिळावी." भाच्याने तो वाचून बाजूला ठेवला. "मामा, काही दिवस म्हणजे किती? कर्जदार तुला असं म्हणाला तर तू देशील?"

नसती दिली. मी गप्प बसलो.

मग बुधवारी सकाळीच त्याने पहिल्या कंपनीला फोन केला. शुक्रवारी पावणेपाचला मागितलेली मुदत म्हणजे पळवाट वाटते, असे त्याचे म्हणणे. आधी आभार मानले, मग सरळ सांगितले, "काम मला आवडलंय. आणखी एका ठिकाणचा निकाल बुधवारी आहे. गुरुवारी दुपारपर्यंत नक्की उत्तर देतो. चालेल का?" दुसऱ्या कंपनीचे नाव त्याने घेतले नाही, त्यांनीही विचारले नाही. मग तेच सारे ईमेलने लिहून पाठवले. लगोलग दुसरीकडेही कळवले, की हातात एक नेमणूक आहे, निकाल लवकर लागेल का?

दुसरीकडून उत्तर आले, "साहेब परगावी आहेत, बुधवारच." पहिलीने सांगितले, "गुरुवार जमणार नाही. सोमवारी पाचपर्यंत थांबू."

शुक्रवारनंतर सोमवार. मोजून तीन दिवस! मला १८८१चा कायदा आठवून गहिवरून आले. भाच्याला मात्र घाम फुटला. बुधवार दोन दिवस पलीकडेच राहिला होता.

रविवारी रात्री तो माझ्याकडे आला. "मामा, काय करू?"

आयुष्यात प्रथमच कोणीतरी मला माझ्या धंद्यातले विचारत होते. "हे बघ," मी म्हणालो, "वटायला टाकलेला चेक म्हणजे शिल्लक नव्हे. तो वटणारच नाही असं धरून हिशेब कर. ही नोकरी तेव्हाही हवीशी वाटेल?"

बराच वेळ तो पंख्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "वाटेल."

सोमवारी त्याने होकार कळवला आणि दुसऱ्या कंपनीला, "आता माझा विचार करू नये," असे लिहिले. तो बुधवार केव्हाच होऊन गेला. तिकडून ना अभिनंदन आले, ना पोच.

साहेब अजून परगावीच असावेत.