लाल शाई

भिलाईलगतच्या पद्मनाभपुरात आमचा संसार सुरू झाला, तेव्हा मी बारावी उत्तीर्ण होते. यजमान आय.टी.आय. करून पोलाद कारखान्यात लागले होते. त्यांचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले होते. माझी वाचनाची ओढ पाहून त्यांनीच मला बहिःस्थ परीक्षांना बसविले. परीक्षेसाठी मी नागपूरला जाई, तेव्हा ते रात्रपाळी मागून घेत आणि दिवसा मुलांना सांभाळीत. मी एम.ए. झाले, त्या दिवशी त्यांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

पुढे एकदा पाहुणे बसले असताना त्यांनी भंडाऱ्याच्या थोरल्या भावाला लिहिलेले पत्र माझ्यापुढे ठेवले. सवयीने मी लाल शाईची लेखणी उचलली. ‘आणी’चे ‘आणि’ केले, हिंदी वळणाची दोन वाक्ये बदलली आणि हसले. पाहुणेही हसले. यजमान काहीच बोलले नाहीत. त्यानंतर मात्र त्यांनी मराठीत पत्र लिहिले नाही. ‘तूच लिही, तुला चांगले येते,’ एवढेच म्हणत. त्या वाक्यात अभिमान होता, म्हणून त्यामागचा सल मला कित्येक वर्षे ऐकू आला नाही.

तो ऐकू आला आनंदीबाई जोशी यांचे चरित्र वाचताना. टपाल खात्यात कारकून असलेल्या गोपाळरावांनी पत्नीला हट्टाने शिकविले. 1883 साली तिला एकटीला अमेरिकेस पाठविले. 1886 साली ती डॉक्टर झाली. पण ती जसजशी पुढे गेली, तसतशा त्यांच्या पत्रांतील तक्रारी वाढल्या. आनंदीबाईंनी एका पत्रात त्यांना लहानपणीच्या माराची आठवण करून दिली. ते वागणे हेतूच्या दृष्टीने योग्य ठरले, तरी बालमनाच्या दृष्टीने चूकच होते, असा त्यांचा निवाडा होता. त्यांना ऋणही नाकारायचे नव्हते आणि दुःखही लपवायचे नव्हते.

माझ्या यजमानांनी मला कधी कठोर शब्द उच्चारला नाही. आमच्या घरी दुखावणारी मीच होते. परंतु एक गोष्ट मला उमगली. जो स्वतः शिडी धरून उभा राहतो, त्यालाच वर चढलेल्या माणसाचे अंतर सर्वांत स्पष्ट दिसते. त्याने धरलेली शिडी वरच्याने विसरली, की ते अंतर त्याला बोचू लागते. परका विद्वान भेटला तर तो एवढा दुखावत नाही.

मी एका संध्याकाळी त्या पत्राची क्षमा मागितली. ते म्हणाले, ‘‘चूक माझीच होती. ‘णि’ ऱ्हस्वच हवा होता.’’

‘‘चूक तुमची होती,’’ मी म्हणाले, ‘‘पण ती दाखविण्याची जागा माझी चुकली.’’

गेल्या दिवाळीत त्यांनी भावाला पुन्हा पत्र लिहिले. त्यात ‘आणि’ बरोबर होता, दुसरे दोन शब्द चुकले होते. मी पाकिटावर तिकीट लावले आणि पत्र पेटीत टाकून आले.